ऊसबिल कापून हातात आलं ते उत्पन्न नव्हे

प्रश्न: करवीर तालुक्यात माझं दीड एकर रान आहे. त्यातल्या एका एकरात जुलै २०२३ ला आडसाली ऊस लावला, डिसेंबर २०२४ ला तुटला. ४८ टन भरला, दर ३,१५० मिळाला. बिलातून सोसायटी ६०,०००, पाईपलाईन कर्जाचा हप्ता २४,०००, कारखान्याकडून उचललेली रोपं आणि खत १८,०००, पाणीपट्टी ९,००० आणि शेअर्स १,५०० कापून खात्यावर ३८,७०० आले. वहीत माझा रोख खर्च ५९,००० लिहिलेला आहे. म्हणजे २०,३०० रुपये तोटाच ना? बायको म्हणते ऊस मोडा. आता खोडवा उभा आहे. हिशेब नेमका कसा ठेवायचा?

उत्तर: तोटा नाही. तुमची वही खोटी नाही, पण तिच्यात एकच पैसा दोनदा खर्चात धरला गेलाय. सव्वीस वर्षं मी विकास सोसायटीत गटसचिव होतो. दर हंगामात बिल हातात घेऊन दहा-पंधरा जण तरी माझ्या टेबलासमोर याच चेहऱ्यानं बसायचे, म्हणून तुमचे आकडे वाचल्या वाचल्या गोम कुठं असणार ते कळलं.

स्वतःला एक प्रश्न विचारा. तुम्ही जे ५९,००० रोख खर्च केले, ते आणले कुठून? बहुतेक सोसायटीनं जून-जुलैला दिलेल्या ६०,००० पीककर्जातूनच. त्या पैशांनी शेणखत घेतलं, मजुरी भागवली, दुकानातून खत आणलं, आणि ते सगळं वहीत खर्च म्हणून लिहिलं. बरोबर केलं. पण पुढं सोसायटीनं तेच ६०,००० बिलातून परत घेतले, तेव्हा तुम्ही उरलेल्या ३८,७०० लाच उत्पन्न म्हणालात. म्हणजे कर्जाचे पैसे खर्चताना एकदा वजा झाले आणि फेडताना पुन्हा एकदा. कर्ज घेतलं तेव्हा ते उत्पन्न नव्हतं, तसं फेडलं तेव्हा तो खर्च नव्हे. खर्च फक्त व्याज. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर तेही पडत नाही. मुदत चुकली तर मात्र जे व्याज लागेल ते खर्चात घ्या.

नवं-जुनं करतानाही हाच घोळ होतो. आज साठ हजार भरले, आठवड्यात पुन्हा साठ हजार उचलले, आणि वहीत एकीकडे खर्च साठ, दुसरीकडे जमा साठ. त्या दोन्ही नोंदी पिकाच्या पानावर येताच कामा नयेत. त्यांच्यासाठी वहीच्या शेवटी ‘देणं-घेणं’ असं वेगळं पान ठेवा.

आता बिलाकडे या. विक्री म्हणजे ४८ गुणिले ३,१५०, अर्थात १,५१,२००. एवढं तुमचं उसाचं उत्पन्न. हा दर तोडणी-वाहतूक वजा जाऊनचा आहे, म्हणून ती पुन्हा खर्चात लिहू नका. (२०२४-२५ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, क्विंटलला ३४० रुपये होती, म्हणजे टनाला ३,४००. तोडणी-वाहतूक कारखाना त्यातूनच वजा करतो. उतारा जास्त असेल तर मूळ आकडा वाढतो. त्यामुळं दोन कारखान्यांचे दर ताडून बघताना तोडणी वजा आहे की नाही ते आधी विचारा.)

मग एकेक कपात हातात घ्यायची आणि ती कुठल्या घरातली ते ठरवायचं. सोसायटीचे ६०,००० देण्याच्या पानावर. पाणीपट्टी ९,००० हा उसाचाच खर्च. रोपं आणि खत १८,००० हाही उसाचाच खर्च, पण इथं एक खबरदारी. रोपं उचलली त्या दिवशी तुम्ही वहीत लिहिली असतील, आणि बिलात कापली तेव्हा पुन्हा लिहिली असतील, तर तीही दोनदा पडली. तुमच्या ५९,००० त ती नाहीत असं तुम्ही ‘रोख खर्च’ लिहिलंय त्यावरून धरतो. नियम सोपा ठेवा: माल ज्या दिवशी उचलला त्या दिवशी पिकाच्या पानावर लिहा आणि शेजारी ‘उधार’ लिहा. बिलात कपात झाली की फक्त त्या ‘उधार’वर रेघ मारा, नवी नोंद करू नका. शेअर्सचे १,५०० म्हणजे तुमचीच कारखान्यात पडलेली रक्कम, तो खर्च नव्हे.

राहिला पाईपलाईनचा २४,००० चा हप्ता. तो मुद्दल आणि व्याज असा फोडून घ्या. सोसायटीतून खातेउतारा मागितला की कळतं. माझ्या अंदाजानं १८,००० मुद्दल आणि ६,००० व्याज धरू. मुद्दल पुन्हा देण्याच्या पानावर. पण पाईपलाईन फुकट पडत नाही. समजा ती ९०,००० ला झाली आणि पंधरा वर्षं टिकणार असेल, तर वर्षाला ६,००० तिची झीज. व्याजासह १२,०००. ती साठ गुंठ्यांना पाणी देते, म्हणून गुंठ्याला वर्षाचे २०० रुपये. हा खर्च सगळ्या रानाचा आहे, एका पिकाचा नाही. म्हणून तो पिकाच्या पानावर शेवटी, वेगळ्या ओळीत येतो.

आता तुमच्या ५९,००० ची फोड. तुम्ही ती दिली नाही, म्हणून माझ्या रानावरून अशी धरली: शेणखत चार ट्रॉल्या १४,०००, नांगरट-रोटर-सरी ६,५००, लावणीची मजुरी ४,०००, दुकानातलं खत १६,०००, तणनाशक आणि फवारणी ४,५००, भांगलण ७,५००, भरणी ३,५००, आणि तोडीच्या वेळची टोळीची खुशाली व ड्रायव्हरची एंट्री ३,०००. ही शेवटची रक्कम देताना लोक चडफडतात आणि वहीत मात्र लिहीत नाहीत. पावती नसली तरी लिहायची, पैसा गेलाच की. तुमचे आकडे वेगळे असतील. आपल्या वहीतले घालून बघा, पद्धत तीच राहील.

यात कारखान्याच्या उधारीतली रोपं १२,००० (साडेचार फुटी सरीत दोन फुटांवर एक धरलं तर एकरी साधारण ४,८०० लागतात) आणि खत ६,०००, शिवाय पाणीपट्टी ९,००० मिळवा. एकूण ८६,०००. १,५१,२०० वजा ८६,००० म्हणजे ६५,२०० रुपये राहिले. वीस हजारांच्या तोट्याचे पासष्ट हजार झाले, आणि आपण रानात एक ऊसही वाढवला नाही.

पण इथं थांबलात तर दुसरी चूक होते, आणि ती मी स्वतः केलीय. सांगतो.

आडसाली ऊस सतरा महिने रानात असतो. तुमच्या जुलै २०२३ च्या लावणीचा बहुतेक खर्च मार्च २०२४ च्या आधी झाला आणि पैसा आला डिसेंबर २०२४ नंतर. मार्च टू मार्च वर्ष धरलं तर पहिल्या वर्षी नुसता खर्च दिसतो, दुसऱ्या वर्षी उत्पन्नच उत्पन्न. त्यात डिसेंबरला ऊस तुटल्या तुटल्या खोडव्याची कामं सुरू होतात: पाचट, बगला फोडणं, खत. तोही खर्च त्याच वर्षात शिरतो. म्हणून वर्षाची वही नको, पिकाची वही पाहिजे. प्रत्येक रानाच्या प्रत्येक पिकाला स्वतंत्र पान. वर नाव लिहा, जसं ‘विहिरीचं रान, ४० गुंठे, आडसाली, लावण जुलै २०२३’. पान लावणीच्या आधीच्या नांगरटीला उघडायचं आणि शेवटचा हप्ता जमा झाला की बंद करायचं. हंगाम संपल्यावर कारखान्यानं पन्नास-शंभर रुपये टनाला वाढवून दिले तर ते जुन्या पानावर चढवा, मधे नवं वर्ष लागलं असलं तरी.

लावण आणि खोडवा या दोन पिकांमधलं खर्चाचं वाटप मात्र नीट करावं लागतं. शेणखत, नांगरट, रोपं आणि लावणीची मजुरी हा खर्च नुसत्या पहिल्या तोडीच्या पिकासाठी केलेला नाही, त्याच खोडावर तुम्ही खोडवा घेणार. वरच्या आकड्यांत तो १४,००० अधिक ६,५०० अधिक १२,००० अधिक ४,००० असा ३६,५०० होतो. लावण आणि एक खोडवा घेणार असाल तर तो निम्मा निम्मा, म्हणजे १८,२५० प्रत्येकी. बाकीचे ४९,५०० नुसत्या लावणीचे. मग लावणीचं पान असं दिसतं: विक्री १,५१,२००, खर्च ६७,७५०, शिल्लक ८३,४५०.

खोडवा अजून उभा आहे, म्हणून त्याचा अंदाजच घेऊ. ३६ टन आणि तोच दर धरला तर १,१३,४००. त्याचा स्वतःचा खर्च खत, भांगलण-पाचट, फवारणी, पाणी, खुशाली मिळून ३८,००० आणि वाट्याला आलेले १८,२५०. शिल्लक ५७,१५०.

आता हे महिन्यावर आणा, कारण लावण सतरा महिने रान अडवते आणि खोडवा बारा. लावणीचे महिन्याला ४,९०० च्या आसपास, खोडव्याचे ४,७५० च्या पुढंमागं. जवळजवळ सारखेच! पण वाटप केलं नाही तर काय दिसतं बघा. लावण ६५,२००, म्हणजे महिन्याला ३,८००. खोडवा ७५,४००, म्हणजे महिन्याला ६,३००. असा आकडा बघितला की कुणालाही वाटणार, लावण नकोच, खोडवा तुटला की त्याच खोडावर निडवा ठेवू आणि निडव्याचाही पुढं. मी असंच केलं. एका शिवारात सलग तिसरं पीक ठेवलं. खोडं मेलेली, सरीत हात-हात नांग्या, आणि वजन २२ टनांवर आलं. घरात कुणी बोललं नाही, पण चार दिवस ताट माझ्यासमोर जरा जोरात ठेवलं जायचं.

निडव्याचा प्रश्न तुम्हालाही खोडवा तुटताना पडणार आहे, म्हणून तो आत्ताच मांडतो. तेव्हा जुना लावणीचा खर्च डोक्यात आणायचा नाही, तो होऊन गेलाय. तुलना एकाच गोष्टीची: पुढचे बारा महिने हे रान निडव्याला दिलं तर काय मिळतं, आणि नव्या लावणीच्या फेऱ्याला दिलं तर काय. लावण आणि खोडवा मिळून पूर्ण फेरा २९ महिन्यांचा. त्यातून ६५,२०० अधिक ७५,४०० म्हणजे १,४०,६०० राहतात, महिन्याला साधारण ४,८५०. वर्षाला ५८,०००. निडव्यानं एवढे तरी सोडले पाहिजेत. त्याच्यावर ३८,००० खर्च करणार असाल तर विक्री ९६,००० व्हायला हवी, आणि ३,१५० दरानं ती ३१ टनांच्या जरा आतबाहेर येते. लावणीचे ४८ टन खोडव्यात ३६ वर येतील असं आपण धरलं, म्हणजे पाऊण. निडवा तसाच घसरला तर २७ टन. ८५,००० ची विक्री, ३८,००० खर्च, राहिले ४७,०००. वर्षाला अकरा हजारांनी कमी.

पण निडव्याला घरच्या माणसांचं काम कमी पडतं, लावणीची दगदग वाचते आणि नव्या लावणीत घालायला आधी रोकड लागते ती लागत नाही. त्यामुळं ३१ टनांचा आकडा लक्ष्मणरेषा समजू नका. माझ्या डोळ्यानं २८ च्या खाली जाणार असेल तर मोडायचा, ३१ च्या वर असेल तर ठेवायचा, मधला असेल तर घरात किती हात मोकळे आहेत ते बघायचं. दर बदलला किंवा तुमचा खर्च वेगळा निघाला की ही रेघही हलणार, ती आकडेमोड पुन्हा करा.

पाईपलाईनचा वाटा आणि घरचे श्रम मी या तुलनेत धरले नाहीत. पाईपलाईन दोन्हीकडं महिन्याला सारखीच लागते, म्हणून तुलना बिघडत नाही. घरच्या श्रमांचं मात्र वेगळं आहे, आणि तुमच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, ‘ऊस मोडा’ म्हणण्यात तथ्य आहे ते इथं.

लावणीचे जे ८३,४५० राहिले ते आधी पाईपलाईनच्या वाट्यानं कमी करू. चाळीस गुंठे, वर्षाला २०० प्रमाणं ८,०००, सतरा महिन्यांना ११,३००. उरले ७२,१५०. हा झाला खिशातला नफा: बाहेरच्या सगळ्यांचं देऊन आणि पाईपलाईनची झीज धरून घरात राहिलेला. आता त्याखाली आणखी एक रेघ मारा. समजा त्या सतरा महिन्यांत तुम्ही ४५ दिवस आणि वहिनींनी ५० दिवस रानात घातले. गावात मजुरी गड्याला ५०० आणि बाईला ३०० असेल, तर २२,५०० अधिक १५,०००, म्हणजे ३७,५००. ते वजा केले की ३४,६५०. सतरा महिन्यांचे, एका एकराचे, तुमच्याच मालकीच्या जमिनीचे. जमिनीचा खंड यात अजून धरलेलाच नाही. कृषी मूल्य आयोग खर्चाचे जे टप्पे करतो (आधी रोख आणि मालाच्या रूपात केलेला खर्च, मग घरचे श्रम धरून, मग जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरून), त्यात हाच विचार आहे.

म्हणून दोन्ही आकडे ठेवा आणि दोघांना वेगवेगळी कामं द्या. ७२,१५० वरून मुलांची फी, घरखर्च, पुढचं कर्ज किती झेपेल ते ठरतं. ३४,६५० वरून ऊस ठेवायचा की त्याच रानात दुसरं काही करायचं ते ठरतं. वहिनी म्हणतात ते मोजायचं असेल तर आधी त्यांचे दिवस लिहावे लागतील, आणि ते कुणी लिहीत नाही. मी एक कॅलेंडर रानातल्या खोपीत खिळ्याला टांगून ठेवतो. रानात गेलं की त्या दिवसाच्या चौकोनात अक्षर मारायचं, माझं ‘मी’, घरच्यांचं ‘घ’, अर्ध्या दिवसाला खाली टिंब. महिन्याच्या शेवटी मोजून पिकाच्या पानावर. पैऱ्यानं दिलेले दिवसही तिथंच. तुम्ही दुसऱ्याच्या भांगलणीला चार दिवस गेलात आणि तो तुमच्याकडं चार दिवस आला, तर ते घरचे दिवस म्हणून धरा, मजुरी म्हणून नाही.

उरलेल्या वीस गुंठ्यांचं थोडक्यात. सोयाबीन किंवा भुईमूग, मग हरभरा, असं काही असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र पान. तिथं अडचण उधारीची नसते, घरी राहिलेल्या मालाची असते. साडेचार क्विंटल सोयाबीन झालं, चार विकलं, पन्नास किलो बियाण्याला ठेवलं, तर ते पन्नास किलोही विकलेल्या भावानं जमा धरायचं. पुढच्या जूनला पेरलं की तेवढीच रक्कम नव्या पानावर बियाण्याचा खर्च. नाहीतर जुनं पीक गरीब दिसतं आणि नवं श्रीमंत. हरभऱ्याची डाळ घरात खाल्ली तरी हाच न्याय. विकताना ओलावा जास्त म्हणून व्यापारी घट धरतो. सोयाबीनला हमीभावाच्या खरेदीत १२ टक्के ओलावा धरतात. तुमच्या पट्टीवर वजन आधीचं आणि घट नंतरची दोन्ही लिहून घ्या. नुसतं ‘मिळाले इतके’ लिहिलं तर भाव कमी की वजन कमी ते पुढं कळत नाही.

म्हैस असेल तर तिला स्वतंत्र पान. उसाचं वाडं आणि पाला तिला घालता ते विकत घेतलं असतं तर किती पडलं असतं, तेवढी रक्कम उसाच्या पानावर जमा आणि म्हशीच्या पानावर खर्च. शेणखत घरचं असेल तर उलटं. मी हे वर्षातून एकदाच, अंदाजानं करतो. पै-पैचा हिशेब करायला लागलं की वही बंद पडते.

पीएम-किसान आणि नमो शेतकरी योजनेचे हप्ते पिकाच्या पानावर नकोत. ते तुम्ही ऊस लावा की न लावा, येणारच. देण्या-घेण्याच्या पानाशेजारी ‘इतर जमा’ करून तिथं. पुरानं पीक गेलं आणि पंचनामा होऊन मदत मिळाली तर ती मात्र त्या पिकाच्या पानावर, कारण ती त्याच पिकाच्या बदल्यात आलेली आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आमच्या पंचगंगेकाठच्या किती जणांनी मदतीचे पैसे घरखर्चात धरले आणि ‘ऊस परवडत नाही’ म्हणून नोंद केली ते मी पाहिलंय.

वर्षाचा एकूण नफा हवा असेल तर जून अखेर धरा. तोवर हंगाम संपलेला असतो, बिलं आलेली असतात, सोसायटीचं खातं सुटलेलं असतं आणि आडसालीची नांगरट सुरू होते. त्या वर्षात जी पानं बंद झाली त्यांची शिल्लक मिळवा, पाईपलाईन, मोटार, बांधबंदिस्तीसारखा सामाईक खर्च (पानावर धरला नसेल तेवढाच) वजा करा. जी पिकं उभी आहेत त्यांचा आतापर्यंतचा खर्च तोटा म्हणून धरू नका, ‘उभं पीक’ म्हणून तसाच पुढं न्या. तुमचा खोडवा जूनमध्ये उभा असेल तर त्यावर झालेले वीस-पंचवीस हजार म्हणजे नुकसान नव्हे.

वही बरोबर आहे की नाही ते तपासायला दोन जुळण्या पुरतात. एक, वजन पावत्यांची बेरीज आणि बिलातलं टन. प्रत्येक खेपेची पावती जपा आणि तारीखवार लावा. माझ्याकडं एका हंगामात एक खेपच बिलात धरली नव्हती, पावती होती म्हणून दुरुस्ती झाली. दुसरी, पैशाची. वहीतली बिलाची रक्कम, वजा सगळ्या कपाती, बरोबर खात्यावर जमा झालेला आकडा आला पाहिजे. तुमचं १,५१,२०० वजा १,१२,५०० बरोबर ३८,७००, जुळतं. जमा उशिरा झाली तर तारीखही लिहून ठेवा. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, आणि त्यापुढं वार्षिक १५ टक्के व्याज. ते मिळतं की नाही हा वेगळा विषय, पण तारीख वहीत नसेल तर मागायलाही तोंड नसतं.

सुरुवात करायला नवी वही घ्यायची गरज नाही. तुमच्या आहे त्याच वहीत मागची पानं कोरी असतील. एका पानावर ‘लावण’ लिहा आणि ५९,००० ची फोड करा, मधल्या पानावर खोडव्याचा आजवरचा खर्च आणि वाट्याचे १८,२५०, शेवटी सोसायटी, पाईपलाईन आणि शेअर्स. फोड करताना कुठं तरी दोन-चार हजार सापडणार नाहीत, ते शोधत बसू नका, ‘किरकोळ’ लिहा. खताची पोती किती आणि कोणती ते मात्र लिहा. पुढच्या लावणीला रकमेपेक्षा पोत्यांचा आकडा जास्त उपयोगी पडतो, कारण भाव बदलतो, पोतं बदलत नाही.